नोकरी गेल्याची पोस्ट

माझ्या भाचीची टीम गेल्या वर्षी कंपनीने बंद केली. दोन दिवसांनी तिने लिंक्डइनवर टाकायचा मजकूर मला पाठवला. भरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून म्हणाली, "मावशी, टाकायच्या आधी एकदा बघ ना." आठ वर्षं जीव ओतून काम केलं आणि दहा मिनिटांच्या कॉलमध्ये सगळं संपलं, घराचे हप्ते चालू आहेत, कुठलंही काम चालेल, कृपया मदत करा, असं तिने लिहिलं होतं. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. फक्त ती काम काय करते, हे कुठेच नव्हतं.

अशी पोस्ट वाचून लोक हळहळतात आणि पुढे जातात. त्यांचं मन कोरडं असतं म्हणून नव्हे. हिच्यासाठी कोणाला फोन करायचा, हेच त्यांना कळत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं की, नव्या नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना बहुधा आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. लिंक्डइनवर गर्दी असते ती याच जुजबी ओळखीच्यांची. जुना सहकारी, कॉलेजात एक वर्ष पुढे असलेली कोणी, कधीकाळचा क्लायंट. त्यांनी आपला मजकूर तिसऱ्याच माणसाकडे पाठवायचा असतो. हप्त्यांची काळजी तिसऱ्याकडे पाठवता येत नाही. काम, गाव आणि तारीख पाठवता येते.

पोस्टच्या आधी आम्ही प्रोफाइल हातात घेतलं, कारण पोस्ट वाचणारा लगेच नावावर क्लिक करतो. खात्याला ऑफिसचा ईमेल जोडलेला होता. लॅपटॉप परत केल्यावर तो ईमेल बंद होणार आणि पासवर्ड विसरला तर खात्यात शिरणंही कठीण, म्हणून आधी स्वतःचा ईमेल घातला. मग नोकरीची शेवटची तारीख. तिला ऑक्टोबरच्या सुरुवातीला सांगितलं होतं, पण पगारपत्रकावर ती ३१ तारखेपर्यंत होती. तेव्हा प्रोफाइलवर ऑक्टोबरच. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा रिलीव्हिंग लेटर आणि पीएफच्या नोंदीशी महिना जुळावा लागतो. नोकरी चालू असल्याचं तसंच ठेवलं, तर पुढे विनाकारण खुलासे करत बसावं लागतं.

नावाखालच्या ओळीत तिला 'नव्या संधीच्या शोधात' लिहायचं होतं. ही ओळ हजारोंच्या नावाखाली असते आणि ती टाकून कोणी माणूस शोधत नाही. रिक्रूटर कामाचे शब्द टाकून शोधतो. म्हणून तिथे लिहिलं: 'पेमेंट सॉफ्टवेअरचं टेस्टिंग, एपीआय आणि ऑटोमेशन, पुणे'. शोधात असल्याचं सांगायला 'ओपन टू वर्क'ची वेगळी सोय आहे. ती फक्त रिक्रूटरना दिसेल अशी ठेवता येते, किंवा फोटोभोवती हिरवी पट्टी लावून सर्वांना दाखवता येते. नोकरीत राहून गुपचूप शोधणाऱ्याला पहिली बरी. भाचीकडे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने पट्टी लावली.

कंपनीने सही करायला दिलेल्या कागदात गोपनीयतेचं कलम होतं. ते वाचून मगच पोस्ट लिहिली. मूळ इंग्रजीत होती, मराठीत साधारण अशी:

"मी पेमेंट सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते, आठ वर्षांपासून. आमची टीम बंद झाल्यामुळे ३१ ऑक्टोबर हा माझा कंपनीतला शेवटचा दिवस. यूपीआय आणि कार्ड व्यवहारांच्या ऑटोमेशन चाचण्या मी उभ्या केल्या आणि चार जणांची टीम सांभाळली. पुण्यात किंवा घरून करता येईल असं टेस्ट लीडचं काम शोधते आहे. १ नोव्हेंबरपासून रुजू होऊ शकते. तुमच्या माहितीत अशी जागा असेल तर मला मेसेज करा, किंवा ही पोस्ट त्या टीमपर्यंत पोचवा."

पहिल्या वाक्यात काम आहे, कारण फीडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. नोकरी का गेली, ते अर्ध्या वाक्यात आटोपलं आहे. 'कुठलंही काम चालेल' काढलं, कारण ते वाचणाऱ्याला पगाराची बोलणी आधीच जिंकल्यासारखी वाटतात.

"पण मावशी, हे फारच कोरडं वाटतं गं," ती म्हणाली. वाटतंच. मात्र दुःख सांगायला माणसं वेगळी असतात. हप्त्यांचं तिने मैत्रिणींना फोनवर सांगितलं, रडलीही. चारशे अर्धवट ओळखीच्यांसमोर ते मांडलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. उलट, मजकूर शांत असला की पुढे पाठवणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. एखाद्यावर दया करा म्हणण्यापेक्षा एखाद्याला कामासाठी सुचवणं कोणालाही सोपं जातं.

पोस्टनंतर नोंदणीचे पैसे मागणारे मेसेजही येतात. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आणि अशी पोस्ट तुमच्यासमोर आली, तर खाली 'धीर धर' लिहून थांबू नका. त्या व्यक्तीसोबत काम केलं असेल तर तिने काय चांगलं केलं ते दोन ओळींत लिहा, आणि जिथे जागा असेल तिथल्या एका माणसाला ती पोस्ट पाठवा.