तीन रुपयांची पावती

परीक्षा संपली की कॉलेज सोडताना ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन सगळीकडे फिरावं लागतं. ऑफिस, जिमखाना, प्रयोगशाळा आणि शेवटी ग्रंथालय. मीही परवा तो कागद घेऊन ग्रंथालयात गेलो. (आमच्या बेळगावकडे मुलीसुद्धा ‘गेलो’, ‘आलो’ म्हणतात. पाच वर्षं वर्गात ‘गेले’ म्हणायचा सराव केला, पण ग्रंथालयाविषयी लिहायला बसले की घरचंच तोंडात येतं. पुढं मात्र नीट लिहिते.)

मॅडमनी रजिस्टर उघडलं, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “काही नाही तुझ्याकडं.” सही केली, शिक्का मारला. पीयूसीची दोन आणि बी.ए.ची तीन अशी पाच वर्षं दोन मिनिटांत संपली. मला काहीतरी बोलायचं होतं. पण मागे सात-आठ जण रांगेत उभे होते, आणि मॅडमना आभार वगैरे मानलेलं आवडत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून इथे लिहिते. आपला अंक त्या वाचतात. मराठी त्या सावकाश वाचतात, त्यांची घरची भाषा कन्नड, पण वाचतात.

गोष्ट बी.ए.च्या पहिल्या वर्षातली, जुलै महिन्यातली. मराठीच्या सरांनी महानुभावांच्या गद्याविषयी टिपण काढायला सांगितलं होतं. त्यासाठी मी वि. ल. भावे यांचं ‘महाराष्ट्र सारस्वत’ घरी नेलं, शं. गो. तुळपुळे यांच्या पुरवणीसह असलेली जुनी, जाडजूड प्रत. खानापूरच्या पुढे बस सोडल्यावर आमच्या गावाला चालत जावं लागतं. त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. छत्रीचा उपयोग डोक्यापुरताच. पुस्तक कापडी पिशवीत होतं. घरी पोचून पिशवी उघडली तेव्हा पुस्तकाचा खालचा भाग भिजून फुगला होता आणि कडेची पानं एकमेकांना चिकटली होती.

मी घाबरले आणि जे सुचलं ते केलं. पुस्तक चुलीशेजारी उभं ठेवलं. सकाळी पाहते तर विस्तवाकडचा पुठ्ठा वाळून धनुष्यासारखा वाकलेला, आणि आत पाठीच्या शिवणीजवळ हात लावला तर अजून गार, ओलं. मग आईनं भाताच्या पिशवीचं प्लास्टिक दिलं. पुन्हा पाऊस लागू नये म्हणून मी पुस्तक त्यात घट्ट गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. पुस्तक परत करायची तारीख आदल्या दिवशीच होऊन गेली होती; मी कॉलेजला गेले, पण रिकाम्या हातानं. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुस्तक खराब झालं तर तिप्पट किंमत भरावी लागते असं वर्गात कुणीतरी सांगितलं होतं, आणि जुनं पुस्तक आता छापील किमतीत मिळत नाही हेही. बाबांना विचारायची सोय नव्हती. रोपलावणीच्या दिवसांत घरात पैसा नसतो. ‘हरवलं म्हणून सांगावं’ असंही मनात आलं. खोटं बोलायची वाक्यं मी बसमध्ये जुळवून पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी प्लास्टिक सोडलं तर कुबट वास आला. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला राखाडी-काळे ठिपके उठले होते. आता लपवण्यासारखंही काही उरलं नाही असं वाटून मी ते तसंच घेऊन गेले.

मॅडमनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं नाही, आधी वास घेतला. मग वाकलेल्या पुठ्ठ्याकडं बघून म्हणाल्या, “चुलीजवळ ठेवलीस काय?” मी मान हलवली. “आणि मग प्लास्टिकात?” मी पुन्हा मान हलवली. “भिजलं त्याच दिवशी आणायचं होतंस की गं. दोन दिवसांत बुरशी धरतंय.” एवढंच. आवाज चढला नाही. मी हरवल्याचं सांगणार होते हे त्यांना कधी कळलं नाही. आज कळेल.

त्यांनी पुस्तक इतर पुस्तकांजवळ ठेवलं नाही. मागच्या बाजूला चॅपलच्या व्हरांड्याला लागून एक छोटी खोली आहे, जिथे फाटकी पुस्तकं बाइंडिंगसाठी थांबतात, तिथे नेलं. बुरशी लागलेलं पुस्तक चांगल्या रांगेत गेलं तर ती पसरते. ठिपके पुसायला मी ओढणी पुढं केली तर त्यांनी हात धरला. ओली बुरशी पुसली की ती कागदात घासली जाते. आधी वाळू द्यायचं, मग नाकाला रुमाल बांधून, बाहेर उघड्यावर, मऊ ब्रशनं झाडायचं.

पुढचे आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत होते. काम सोपं होतं, पण घाई चालत नव्हती. पुस्तक खालच्या कडेवर उभं करायचं, पुठ्ठे काटकोनात उघडून. दर वीसेक पानांमागे एक कोरा पांढरा कागद सरकवायचा, शिवणीपर्यंत, पण फार कागद नाही. जास्त घातले तर पुस्तक फुगून शिवण फुटते. मी वर्तमानपत्राचे तुकडे आणले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. त्याची शाई ओल्या पानावर उतरते. जुन्या, एका बाजूला कोऱ्या असलेल्या कागदांचा गठ्ठाही नाही, त्याच कारणानं. ऑफिसमधून कोरे कागद आणून त्यांनी दिले. ओले झालेले कागद काढून वाळवायचे, त्यांच्या जागी कोरडे घालायचे, आणि दर वेळी पुस्तक उलटं उभं करायचं, म्हणजे ओल एकाच बाजूला उतरत नाही. सकाळी आणि दुपारनंतर कागद त्या स्वतः बदलायच्या. सुट्टीतली पाळी माझी.

पंखा चालू, पण वारा भिंतीकडं वळवलेला. खोलीतली हवा हलली पाहिजे, पानं फडफडता कामा नयेत. ऊन नको, हीटर नको, चूल तर नकोच. बाहेरचं पान आधी वाळतं, आकसतं, आतलं ओलं राहतं, आणि त्या ओढाताणीत पुठ्ठा वाकतो. माझ्या पुस्तकाला नेमकं हेच झालं होतं.

“वाळलं हे कसं कळतंय?” मी चौथ्या दिवशी विचारलं. मला ते वाळलेलंच वाटत होतं. मॅडमनी मधलं एक पान उघडून माझ्या गालाला लावलं. गार लागलं. “गार लागतंय म्हणजे आत पाणी आहे. बोटाला कळत नाही, गालाला कळतंय.” बेळगावच्या जुलैमध्ये हवाच ओली असते, त्यामुळे आठ दिवस लागले. उन्हाळ्यात निम्म्या वेळात झालं असतं, असं त्या म्हणाल्या. नशीब म्हणजे त्यात गुळगुळीत ग्लेज कागदाची चित्रं नव्हती. तो कागद भिजून एकमेकांवर वाळला की वीट होते, मग कुणालाच सोडवता येत नाही.

नवव्या दिवशी ब्रशनं ठिपके झाडले. डाग राहिले, बुरशी गेली. मग दोन फळ्यांमध्ये पुस्तक ठेवून वर जुन्या मासिकांचे बांधीव खंड रचले आणि आठवडाभर दाबून ठेवलं. शेवटी सुटलेला पुठ्ठा. मैद्याची खळ आम्ही तिथेच स्टोव्हवर शिजवली, कच्चा पांढरेपणा जाऊन पारदर्शक होईपर्यंत. कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. ती विषारी, म्हणून ते भांडं वेगळं, हात लगेच धुवायचे. मलमलच्या पट्टीला खळ लावून पुठ्ठा आणि पहिलं पान यांच्यामधली खाच सांधली. ती पट्टी मी लावली. थोडी तिरकी बसली आहे.

दंडाचं काय, हे विचारायचं धाडस मला शेवटच्या दिवशी झालं. मॅडमनी पावतीपुस्तक काढलं. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी लिहिलं: उशीर तीन दिवस, रुपये तीन. “आणि खराब झाल्याचं?” “खराब कुठं आहे? दुरुस्त आहे की.” मग दाखल-नोंदवहीत त्या पुस्तकाच्या नंबरासमोर शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी मला लिहायला लावलं: ‘पाण्याने भिजले, दुरुस्त केले’, आणि तारीख. माझं नाव लिहू का विचारलं तर म्हणाल्या, “पुस्तकाचं काय झालं ते लिहायचं. कुणी केलं ते नाही.”

ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. नंतर वाटत राहिलं की त्या दिवशी माझं नाव त्या रकान्यात लिहिलं गेलं असतं, किंवा काउंटरवर सगळ्यांसमोर चार शब्द बोलले गेले असते, तर मी पुन्हा कधी जाडं पुस्तक घरी नेलं नसतं. कदाचित मराठी विषयही सोडला असता. नियम मोडला असंही नाही. उशिराचा दंड पुरेपूर घेतला, पावतीसकट. ती पावती माझ्याकडं आहे.

त्यानंतर रिकाम्या तासाला मी मॅडमना पुस्तकं लावायला मदत करायचे. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ८९४.८१४ म्हणजे कन्नड, हे आकडे मला तोंडपाठ झाले. आपल्या ग्रंथालयात ही दोन्ही एकाच कपाटात, वरच्या-खालच्या फळीवर आहेत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मॅडम दोन्ही फळ्यांवरची पुस्तकं पुढं ओढतात आणि मागच्या भिंतीला हात लावून बघतात. ओल येते ती दोन्हीकडं सारखीच येते.

परवा सही घेऊन झाल्यावर मी त्या कपाटाकडं गेले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ जागेवर होतं. खालच्या बाजूला पानं अजून लाटांसारखी आहेत, ती कधीच पूर्ण सपाट होत नाहीत. तिरकी पट्टी घट्ट आहे. आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर माझ्यानंतर चार शिक्के पडले आहेत. चार जणांनी ते घरी नेलं आणि परत आणलं.

दारात येऊन म्हणाले, “येतो मॅडम.”

त्यांनी रांगेतल्या मुलाच्या कागदावरून मान वर केली. “ये की. कार्ड नसलं म्हणून काय झालं, बसून वाचता येतंय.”

मॅडम, पुस्तक हरवलं नव्हतं. तुम्ही विचारलंत असतं तर मी तसं सांगितलं असतं. तुम्ही ‘कुठं आहे’ विचारलं नाहीत, ‘कुठं ठेवलंस’ विचारलंत. त्याबद्दल आभार.