दुभाष्याच्या तोंडातला शब्द

बेलापूरच्या कोर्टात त्या दिवशी आमचं काम फक्त बाईंसोबत बसणं एवढंच होतं. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५ अ मध्ये पीडितांना सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेण्याचा हक्क दिलेला आहे. तो हक्क बजावायला आम्ही तिघे सकाळी दहालाच पोहोचलो. बाई तेलंगणातल्या महबूबनगर भागातल्या, मादिग समाजाच्या, नवी मुंबईच्या बांधकामांवर राबणाऱ्या. आरोपी त्यांच्याच भागातला, वरच्या जातीचा मेस्त्री. म्हणजे ज्याच्या हातात मजुरांची टोळी आणि मजुरीची उचल असते तो. तो बाईंपासून दहा-बारा फुटांवर उभा होता. बाईंना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. हिंदीत दोन-चार शब्द, तेही सिमेंट-रेतीचे.

मूळ घोळ पोलीस ठाण्यातच झालेला. ठाण्याचं नाव इथे घेत नाही. तिथे जबाब मराठीत लिहिला गेला आणि बाईंचं बोलणं मराठीत सांगितलं ते मेस्त्रीच्याच ओळखीच्या एका मुकादमाने. कागदावर उतरलं ते असं : ‘आरोपीने जातिवाचक शिवीगाळ करून धक्काबुक्की केली.’ जबाब घेणाऱ्याला वाटलं असेल, काम झालं. आपल्यातल्या पुष्कळ कार्यकर्त्यांनाही तसंच वाटतं. पण कलम ३(१)(स) मागतं ते जातीच्या नावाने दिलेली शिवी, तीही लोकांच्या नजरेच्या टप्प्यातल्या ठिकाणी. नेमका शब्द कोणता, हेच कागदावर नसेल तर बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. ‘जातिवाचक शिवीगाळ’ हा लिहिणाऱ्याने काढलेला निष्कर्ष आहे. साक्षीदाराने ऐकलेलं ते नव्हे.

कोर्टात दुभाषी म्हणून आले ते तेलुगू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर. त्याआधी दुसऱ्याच माणसाचं नाव पुढे आलं होतं. तो मेस्त्रीच्या साइटवर कामाला असल्याचं आम्ही सरकारी वकिलांच्या कानावर घातलं, त्यांनी हरकत घेतली आणि नाव मागे पडलं. सरांना १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे शपथ दिली गेली. दुभाष्यालाही शपथ असते, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. साक्षीदार खरं सांगण्याची शपथ घेतो. दुभाषी शपथ घेतो प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं पोहोचवण्याची. हे प्रकरण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली चाललं, तिच्यात हे बंधन कलम २८२ मध्ये होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३१७ आहे.

पहिल्याच प्रश्नावर बाईंनी मेस्त्रीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘एमो.’

सर थांबले. आम्हाला वाटलं, विसरले की काय. मग ते न्यायाधीशांना म्हणाले, ‘साहेब, या शब्दाचा अर्थ माहीत नाही असा होतो, असेलही असा होतो आणि काय सांगू असाही होतो. तेलुगूत माहीत नाही याला तेल्वदु म्हणतात, आठवत नाही याला यादिकि लेदु. त्या यातलं काहीच बोलल्या नाहीत. प्रश्न पुन्हा विचारायची परवानगी असावी.’

‘माहीत नाही’ असं नोंदलं गेलं असतं तर साक्ष तिथेच बसली असती. ‘आठवत नाही’ नोंदलं असतं तर उलटतपासणीत त्याची दोरी झाली असती. खरं सांगायचं तर सरांनी ‘घाबरल्यात, साहेब’ एवढं म्हणावं असं आमच्या मनात होतं. ते म्हणाले नाहीत, आणि आम्हाला रागच आला. नंतर कळलं की ते त्यांचं कामच नव्हतं. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा नोंदवायचा अधिकार कलम २८० ने न्यायाधीशांना दिला होता. दुभाष्याने एकदा स्वतःचं वाक्य घातलं की पुढचं प्रत्येक वाक्य बाईंचं की त्यांचं, हा प्रश्न बचावाचा वकील विचारणार. सरकारी वकिलांनी विनंती केली, मेस्त्रीची जागा थोडी मागे झाली, प्रश्न पुन्हा विचारला गेला. बाई बोलायला लागल्या.

मग तो शब्द आला. बाईंनी इतक्या हळू उच्चारला की टंकलेखकाने मान वर केली. सरांचा चेहरा उतरला. शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला भरल्या कोर्टात ते तोंडाने काढायचं होतं. कुणीतरी म्हणालं, ‘गलिच्छ शिवी दिली, असं घ्या ना.’ सर म्हणाले, ‘नाही साहेब. शब्द आहे तसा ठेवतो, अर्थ वेगळा सांगतो.’ आणि मोठ्याने म्हणाले : ‘मादिगदाना.’ मग समजावलं की पहिला भाग जातीचं नाव आहे, ते नुसतं नाव आहे. तिरस्कार आहे तो ‘दाना’त, बाईमाणसाला ज्या तुच्छतेने हाक मारतात त्यात. मराठीत जातीच्या नावाला ‘डा’ लावला की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. न्यायाधीशांनी तो शब्द देवनागरीत, अवतरणात घ्यायला सांगितला. बाकी मजकूर इंग्रजीत चालला होता.

चैतन्य ताम्हाणेंचा २०१४ चा ‘कोर्ट’ आपण सगळ्यांनी पाहिला आहे, वीरा साथीदारांसाठी तर दोनदा पाहिला आहे. माणूस आपल्या भाषेत बोलतो आणि न्यायाधीश लघुलेखकाला इंग्रजीत सांगतात, ते त्यात दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये नईम अहमद प्रकरणात सगळ्या कोर्टांना बजावलं की कलम २७७ पाळा, साक्ष शक्यतो साक्षीदाराच्याच भाषेत नोंदवा. तेलुगू लिहिणारा टंकलेखक बेलापुरात कुठून आणायचा, हा भाग वेगळा. पण निदान नेमका शब्द त्याच्या मूळ रूपात लिहून घ्यायला कुणाची आडकाठी नाही. तसा आग्रह सरकारी वकिलाकडे आपण धरायचा असतो.

उलटतपासणी अपेक्षेप्रमाणेच झाली. ‘हा शब्द तुम्ही पोलिसांना सांगितला नव्हता.’ बाई म्हणाल्या, ‘चेप्पिना.’ सर : ‘मी सांगितला होता.’ बाई ‘मी’ म्हणाल्या की सरही ‘मी’च म्हणत. ‘ती म्हणते की’ असं एकदाही नाही. आम्ही मीटिंगमध्ये भाषांतर करतो तेव्हा हटकून ‘ताई म्हणतात की’ असं करतो आणि मग कोणती ताई, कुणाबद्दल, याचा गोंधळ उडतो. जबाबात शब्द नसणं ही उणीव कलम १६२ च्या स्पष्टीकरणाखाली विसंगती ठरू शकते, ठरेलच असं नाही. तो जबाब कुणी भाषांतरित केला होता, हे सरकारी वकिलांनी फेरतपासणीत बाईंकडून काढून घेतलं. ते फार महत्त्वाचं ठरलं.

शेवटी कलम २७८ प्रमाणे साक्ष वाचून दाखवायची होती. दुपारचे पावणेदोन, सगळ्यांना जेवायची घाई. बाईंकडून नुसता अंगठा घ्यायचा, असाच रंग दिसत होता. सरांनी मात्र इंग्रजी मजकूर वाक्यावाक्याने तेलुगूत सांगितला. एका वाक्यावर बाईंनी मान हलवली. मजकुरात ‘हात धरून ओढलं’ असं होतं. त्या म्हणाल्या होत्या ‘जड पट्टि गुंजिंडु’, वेणी धरून ओढलं. चूक सरांची की टंकलेखकाची, कळायला मार्ग नव्हता. सर स्वतःच म्हणाले, ‘माझीही असू शकते.’ कलम २७८ मध्ये अशी सोय आहे की न्यायाधीशांनी मजकूर दुरुस्त न करता साक्षीदाराची हरकत खाली टिपून ठेवली तरी चालतं. तसं झालं. मूळ वाक्य तसंच राहिलं आणि खाली हरकत आली. नव्या संहितेत हेच कलम ३१३ आहे. साक्षीदाराला नेताना हा आकडा लक्षात ठेवा, कारण अंगठा उठल्यावर हरकत घेणं फार अवघड जातं.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी सरांना विचारलं, ‘माझ्याबद्दल साहेबांना काय सांगितलंत?’ सर म्हणाले, ‘तू सांगितलंस तेच.’ बाईंचा विश्वास बसला नसावा. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि आमच्यापैकी कुणालाच तेलुगू येत नव्हतं. त्यानंतर साक्षीदाराचा भत्ता मिळवण्यात चार वाजले.