वहिनीचे फोटो आणि चार पाकिटं

आपल्या सौंसरची एक आठवण सांगते. लहानशीच आहे, पण घरोघरी उपयोगी पडेल.

गेल्या मे महिन्यात दादाचं नागपुरात पोटाचं ऑपरेशन झालं. घरी जाताना वहिनींनी दुधाचे लिटर-लिटरचे चार खोके घेतले, फ्रिजशिवाय टिकणारे. बसमधे सामानाखाली ते दबले. दुसऱ्या दिवशी मला फोटो आला आणि मागोमाग फोन, "बाई, पाह्य बरं. पोचे आले हायेत. तुमच्या दादाले देऊ का नको?"

माझी सारी नोकरी दूध तपासण्यात गेली, म्हणून असे फोटो मलाच येतात. फोटो समोरून काढलेला होता. चारही खोके उभे, दोघांचे कोपरे चेपलेले, बाकी नीटनेटके. "चालेल" असं लिहिलंसुद्धा. मग बोट थांबलं. समोरून काढलेल्या फोटोत पोचा दिसतो, फुगवटा दिसत नाही. आणि भीती पोच्याची नसते, फुगवट्याची असते.

मी म्हटलं, "वहिनी, खोके सपाट ओट्यावर एका रांगेत ठेवा. मोबाईल खोक्याच्या उंचीवर धरा आणि बाजूनं फोटो काढा. मग वरची घडी, खालची घडी आणि मागचा उभा जोड, प्रत्येकाचा जवळून एकेक. दाबू नका, उघडू तर नकाच."

हे दूध साधारण 135 ते 140 अंशांवर काही सेकंद तापवून, जंतू शिरणार नाहीत अशा जागी भरतात. खोका म्हणजे कागद, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा यांचे थर. तो शाबूत आहे तोवर दूध बाहेरही टिकतं. पण सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी जंतू आत जातात, दुधातली साखर खातात आणि वायू सोडतात. तोच वायू खोका फुगवतो.

नवे फोटो आले. पहिल्या खोक्याचा खालचा कोपरा चेपलेला होता, पण जोड कोरडे आणि वरचा भाग सपाट. दुसराही तसाच. लिटरच्या खोक्याचं पोट खालच्या बाजूला थोडं पुढे येतंच, ते आतल्या दुधाच्या वजनानं. म्हणून चांगल्या खोक्याशेजारी ठेवून पाहायचं. तिसऱ्याला पोचा नव्हता, पण वरच्या घडीखाली पिवळसर चिकट रेघ होती. चौथा पहिल्या फोटोत सगळ्यात देखणा वाटला होता. बाजूनं पाहिला तर दोन्ही रुंद बाजू वरपर्यंत ताणलेल्या, माथा उचललेला, कोपरे गोल झालेले.

"तिसरा आणि चौथा फेका," मी सांगितलं.

तिकडून दादाचाच आवाज आला, "उकळून घेतलं तं काय होते? इतकं महागाचं दूध!"

आपल्या घरात दूध फेकणं म्हणजे पाप. आई नासलेल्या दुधाचंही काहीतरी करायची. पण ते आपल्या डोळ्यांदेखत नासलेलं असायचं. मी म्हटलं, "दादा, उकळल्यानं बहुतेक जंतू मरतील. पण काही जंतू आधीच विष सोडून ठेवतात, ते उकळूनही जात नाही. आणि तुझे टाके अजून ओले आहेत." तो गप्प बसला. वहिनींनी दोन्ही खोके न फोडता पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. मांजरालाही दिले नाहीत, की चव घेऊन पाहिली नाही.

उरलेल्या दोघांबद्दलही मी पूर्ण हमी दिली नाही. काही जंतू वायू न करताच दूध आंबवतात, तेव्हा खोका सपाटच राहतो. फोटोवरून "फेका" असं खात्रीनं सांगता येतं, "प्या" असं नाही. म्हणून खोका कापून आधी पेल्यात ओतायला सांगितलं. गाठी, आंबूस वास, पाण्यासारखा पातळपणा, काही दिसलं तर तेही टाका म्हटलं. दूध चांगलं निघालं. संध्याकाळी दादानं अर्धा पेला घेतला, तोही साखर कमी म्हणून कुरकुरत.

आठवड्यानं पुतण्यानं संत्र्याच्या रसाच्या डब्बीचा फोटो पाठवला, तोही बाजूनं काढलेला. डब्बी उशीसारखी फुगलेली. रसात बहुधा यीस्ट शिरतं, गोडी आंबते आणि वायू धरतो. खाली त्यानं लिहिलं होतं, "आत्या, फेकली. फक्त दाखवाले पाठवला."

समोरून काढलेला तो पहिला फोटो मी अजून पुसलेला नाही. त्याच्याखाली माझं न पाठवलेलं "चालेल" होतं, ते मात्र मी कधीच विसरणार नाही.