सहाशे दारं, एकच किल्ली

वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी आयटी सांभाळायचो तेव्हाची गोष्ट. सकाळी पहिल्या शिफ्टची गर्दी ओसरली आणि मी सर्व्हरचे लॉग उघडले. स्टोअरमधल्या काकांच्या नावानं पहाटे चारच्या सुमारास बाहेरून व्हीपीएन जोडलं गेलं होतं. काकांना व्हीपीएन हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

मॅनेजर म्हणाले, "म्हाताऱ्यानं पासवर्ड कुणाला तरी सांगितला असणार." मी काकांकडे गेलो. ते गोंधळून म्हणाले, "अरे, तूच दिला होतास ना? मी बदललाच नाही."

खरं होतं. नवीन खातं उघडलं किंवा कुणी पासवर्ड विसरलं की मी सगळ्यांना `Waluj@123` द्यायचो. नऊ अक्षरं, एक कॅपिटल, एक चिन्ह, तीन आकडे. सर्व्हरचे सगळे नियम तो पास व्हायचा. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावणारी खूण मात्र मी करायचो नाही, कारण मग लाइनवरून फोन यायचे.

मला कोडं पडलं ते वेगळंच. आमच्याकडे लॉकआउट होतं: पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं अर्धा तास बंद. रात्रभरात एकही खातं बंद पडलं नव्हतं. मग कुणी अंदाज लावला कसा?

माझ्या डोक्यात ब्रूट फोर्स होता. म्हणजे एकच खातं धरायचं आणि त्यावर हजारो पासवर्ड मारत राहायचं. त्याला लॉकआउट लगेच अडवतं, पाचव्या चुकीला दार बंद. पण चुका मोजणारा काउंटर प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. या दारावर किती वेळा चुकलं, एवढंच तो मोजतो. तोच हात शेजारच्या दारावर गेला, हे त्याला कळतच नाही.

मी लॉग खात्याच्या नावानं लावले होते, म्हणून प्रत्येकासमोर दोन-तीन चुका दिसत होत्या. माणसं रोज एवढं चुकतातच. मग तेच लॉग वेळेनुसार लावले आणि चित्र बदललं. 2:10 वाजता एकाच आयपी पत्त्यावरून सहाशे खात्यांवर प्रत्येकी एक प्रयत्न, नावं ए पासून झेड पर्यंत क्रमानं. नावं मिळवणं सोपं, कारण आमचे ईमेल नाव-टिंब-आडनाव असेच होते. 3:10 ला दुसरी फेरी, 4:10 ला तिसरी. विंडोजच्या लॉगमध्ये चुकलेल्या लॉगिनचा क्रमांक 4625 असतो. अशा 1,796 नोंदी होत्या आणि यशस्वी लॉगिन चार. चारही जणांचा पासवर्ड मी दिलेला.

याला पासवर्ड स्प्रेइंग म्हणतात. दोन फेऱ्यांमध्ये तासाचं अंतर का, तेही आमच्याच सेटिंगमध्ये होतं. शेवटच्या चुकीनंतर अर्ध्या तासानं काउंटर शून्यावर जायचा. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक खातं कोरं. शिवाय सकाळी माणूस स्वतः बरोबर पासवर्ड टाकतो, तेव्हाही काउंटर शून्य होतो.

या पद्धतीनं एखाद्या ठरावीक माणसाचा चांगला पासवर्ड फुटत नाही. तासाला एक म्हणजे दिवसाला चोवीसच अंदाज. पण हल्लेखोराला ठरावीक माणूस नकोच असतो. शंभरात एकानं जरी तो पासवर्ड ठेवला असेल, तरी सहाशेत सहा जण सापडतात. जितकी माणसं जास्त, तितकं त्याचं काम सोपं.

मॅनेजर म्हणाले, "पाचाऐवजी तीनच चुका ठेव." त्यानं स्प्रेइंग थांबलं नसतं, कारण फेरीत एकच चूक होते. उलट ग्लोव्ह्ज काढून घाईत टाइप करणारे ऑपरेटर अडकले असते. पत्ता अडवूनही पुरत नाही. मुरलेले हल्लेखोर प्रयत्न शेकडो पत्त्यांवर वाटतात. तेव्हा एकच खूण उरते: संपूर्ण कंपनीतल्या चुकांची बेरीज अचानक वाढणं.

हे फक्त आमच्यासारख्यांनाच होतं असंही नाही. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टमध्ये हल्लेखोर असेच शिरले. चाचणीसाठीचं एक जुनं खातं, त्यावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नाही. तिथून ते वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ईमेलपर्यंत पोचले. 12 जानेवारी 2024 ला ते लक्षात आलं.

आम्ही त्याच दिवशी चारही खाती बंद केली. पुढे व्हीपीएनला मोबाइलवरचा कोड जोडला आणि कंपनीचं नाव, गावाचं नाव, 123 असलेले पासवर्ड सर्व्हरनंच नाकारावेत अशी यादी लावली. आता प्रत्येक नव्या खात्याला वेगळा पासवर्ड निघतो. लाइनवरून फोन येतात, मी घेतो.

अहवालात कारणाच्या रकान्यात मॅनेजरांनी "कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा" लिहिलं होतं. मी ते खोडून "आयटी विभागाने सर्वांना दिलेला एकच पासवर्ड" असं लिहिलं आणि खाली सही केली.