सर्व्हिसच्या एका पॉइंटपासून अख्ख्या सामन्यापर्यंत



आमच्या सातवीच्या वर्गात क्रिकेटवेडी मुलं पुष्कळ आहेत, टेनिस बघणारा एकच. त्याने एकदा शेकडेवारीच्या तासाला मध्येच विचारलं, "मॅडम, ज्याने जास्त पॉइंट घेतले तो हरला कसा?" तो २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्याबद्दल बोलत होता. जोकोविचने फेडररला ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असं हरवलं. पण पूर्ण सामन्यात फेडररने २१८ पॉइंट जिंकले होते आणि जोकोविचने २०४. गेमही फेडररचेच जास्त, ३६ विरुद्ध ३२. तरी चषक जोकोविचकडे गेला.

क्रिकेटमध्ये असं सहसा होत नाही. तिथे एक एक धाव एकाच खात्यात जमा होते. टेनिसमध्ये मात्र पॉइंटचा गेम होतो, गेमचा सेट आणि सेटचा सामना. प्रत्येक पायरीवर आधीचा हिशोब पुसला जातो. गेम ४०-० ने जिंका नाहीतर पंधरा मिनिटं झुंजून जिंका, फळ्यावर एकच गेम लागतो. हे मुलांना पटवायचं म्हणून आम्ही सगळ्यात खालच्या पायरीपासून हिशोब मांडला. तोच इथे लिहिते आहे. संभाव्यतेचा धडा दहावीत येतो, पण शेकडेवारी आणि गुणाकार येत असेल तर एवढं सातवीतही जमतं.

पहिली पायरी : पॉइंटपासून गेम

समजा, एक खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसवर १०० पैकी ६० पॉइंट जिंकतो. म्हणजे पॉइंट जिंकण्याची शक्यता ०.६ आणि हरण्याची ०.४. वर्गात आम्ही एका डब्यात सहा पांढऱ्या आणि चार लाल चिठ्ठ्या टाकल्या. पांढरी आली की सर्व्हिस करणाऱ्याचा पॉइंट, लाल आली की समोरच्याचा. चिठ्ठी काढून झाली की परत डब्यात टाकायची, हे विसरायचं नाही. परत टाकली नाही तर पुढच्या पॉइंटची शक्यता बदलते.

गेम जिंकायला चार पॉइंट लागतात आणि दोनची आघाडी लागते. आता सर्व्हिस करणारा गेम कसा कसा जिंकू शकतो ते पाहू.

एकही पॉइंट न गमावता: ०.६ × ०.६ × ०.६ × ०.६ = ०.१२९६. म्हणजे १००० गेममधले साधारण १३०.

एक पॉइंट गमावून: इथे मुलं हमखास अडखळतात. पाच पॉइंट खेळले, त्यातला एक हरला, म्हणून पाच प्रकार असं बहुतेकांचं उत्तर येतं. पण शेवटचा पॉइंट हरलेला असूच शकत नाही, कारण चार पॉइंट झाले की गेम तिथेच संपतो. त्यामुळे हरलेला पॉइंट पहिल्या चारांतलाच एक. प्रकार चारच. ४ × ०.१२९६ × ०.४ = ०.२०७. हजारात २०७.

दोन पॉइंट गमावून: हरलेले दोन पॉइंट पहिल्या पाचांत कुठेही. पाचांतून दोन जागा निवडायचे प्रकार १०. १० × ०.१२९६ × ०.४ × ०.४, पुन्हा ०.२०७. मुलांनी हे प्रकार वहीत 'जि' आणि 'ह' अशी अक्षरं लिहून मोजले. सूत्र सांगायची गरज पडली नाही.

तीन-तीन पॉइंट झाले की ४०-४०, म्हणजे ड्यूस. सहा पॉइंटांत तीन हरलेले, प्रकार २०. २० × ०.२१६ × ०.०६४ = ०.२७६. हजारात २७६ गेम ड्यूसपर्यंत जातात.

ड्यूसची गंमत अशी की तो तत्त्वतः कधी संपणारच नाही असं वाटतं. "मॅडम, मग बेरीज कुठपर्यंत करायची?" हा प्रश्न आलाच. उत्तर सोपं आहे. ड्यूसनंतरचे पॉइंट दोन-दोनच्या जोडीने बघायचे. १०० जोड्यांपैकी ३६ वेळा सर्व्हिस करणारा दोन्ही जिंकतो, १६ वेळा दोन्ही हरतो आणि उरलेल्या ४८ वेळा एक-एक होऊन पुन्हा ड्यूस. पुन्हा ड्यूस म्हणजे जिथे होतो तिथेच आलो, त्या जोड्या सोडून द्यायच्या. निकाल लावणाऱ्या जोड्या ५२ आणि त्यातल्या ३६ त्याच्या. ३६ भागिले ५२, म्हणजे ०.६९. ड्यूसला गेलेल्या २७६ गेमपैकी साधारण १९१ तो जिंकतो.

आता बेरीज: १३० + २०७ + २०७ + १९१ = ७३५. दशांश न तोडता केली तर ७३६ येते. म्हणजे पॉइंट १०० पैकी ६० जिंकणारा गेम १०० पैकी जवळजवळ ७४ जिंकतो. हाच हिशोब ५० ने केला तर गेमही ५० च येतात. ६५ ने केला तर ८३ आणि ७० ने केला तर ९०. पॉइंटमधला छोटा फरक गेममध्ये मोठा होऊन बाहेर पडतो.

दुसरी पायरी : गेमपासून सेट

सेटमध्ये सर्व्हिस आलटून पालटून असते, म्हणून दोघांचे आकडे लागतात. समजा, पहिला खेळाडू आपल्या सर्व्हिसवर ६५ टक्के पॉइंट जिंकतो आणि दुसरा आपल्या सर्व्हिसवर ६०. तर पहिला स्वतःच्या सर्व्हिसचे १०० पैकी ८३ गेम राखतो आणि दुसऱ्याचे २६ मोडतो. टेनिसवाले यालाच ब्रेक म्हणतात.

सेटचा पूर्ण हिशोब लांब आहे, पण एक युक्ती चांगली आहे. सेट ६-१ ला संपला तरी मनातल्या मनात पूर्ण दहा गेम खेळवायचे, प्रत्येकाच्या सर्व्हिसचे पाच. दहापैकी सहा किंवा जास्त गेम ज्याचे, सेट त्याचा. निकाल बदलत नाही आणि मोजणी सोपी होते. या पद्धतीने पहिला खेळाडू ४९ टक्के वेळा दहा गेममध्येच सेट मारतो. २९ टक्के वेळा ५-५ होतं. तिथून पुढचे दोन्ही गेम एकाने जिंकले तर ७-५, नाहीतर ६-६ आणि टायब्रेक. टायब्रेक हा सात पॉइंटांचा छोटा सामना. तो पहिला खेळाडू १०० पैकी ५८ वेळा जिंकतो. सगळं जोडलं की सेट जिंकण्याची शक्यता ६६ टक्के येते.

टायब्रेकचा ५८ हा आकडा सेटच्या ६६ पेक्षा कमी आहे, हे लक्षात घ्या. खेळ जितका लहान, तितकी कमकुवत खेळाडूला संधी जास्त.

तिसरी पायरी : सेटपासून सामना

हे वर्गात सगळ्यांना जमलं. तीन सेटच्या सामन्यात दोन सेट हवेत. सरळ दोन जिंकणे किंवा तीनपैकी मधे एक हरून दोन जिंकणे. ०.६६ घेऊन केलं की उत्तर साधारण ७३ टक्के. पाच सेटच्या सामन्यात ७८ टक्के.

आता सुरुवातीला परत बघा. दोघांनी सारखीच सर्व्हिस केली असं धरलं, तर पहिला खेळाडू ६५ आणि ४० यांची सरासरी, म्हणजे एकूण पॉइंटपैकी साडेबावन्न टक्केच जिंकतो. त्याच्या जोरावर पाच सेटचे पाचपैकी जवळपास चार सामने! फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचाच हिशोब सांगितला होता. एकेरीच्या १५२६ सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकले, पण पॉइंट मात्र ५४ टक्केच. आमचा चिठ्ठ्यांचा डबा याच्या फार लांब नव्हता.

मग फेडरर हरला कसा?

शंभरातल्या ७८ चा अर्थ २२ वेळा हार असाही होतो. त्या सामन्यात पाचव्या सेटमध्ये ८-७ ला फेडररची सर्व्हिस होती आणि ४०-१५ ने तो पुढे होता. दोन मॅच पॉइंट हातात. आपला ०.६ चाच खेळाडू धरला, तर तिथून गेम जाण्यासाठी सलग दोन पॉइंट हरावे लागतात (०.१६) आणि मग ड्यूसवरूनही हरावं लागतं (०.३१). गुणाकार ०.०५. शंभरात पाच. कमी आहे, पण शून्य नाही. आणि जोकोविचने तीनही टायब्रेक जिंकले. जो सेट तो १-६ ने हरला, त्यात फेडररने साठवलेले जास्तीचे पॉइंट पुढच्या सेटला कामी आले नाहीत. २१८ आणि २०४ चं कोडं तिथे सुटतं.

या हिशोबाची मर्यादा

आपण धरलं की प्रत्येक पॉइंटची शक्यता तीच राहते आणि मागच्या पॉइंटचा पुढच्यावर परिणाम होत नाही. चिठ्ठ्यांना दडपण येत नाही, माणसाला येतं. क्लासेन आणि मॅग्नस या दोन अभ्यासकांनी विम्बल्डनचे हजारो पॉइंट तपासून २००१ मध्ये दाखवलं की हे गृहीतक काटेकोरपणे खरं नाही. आधीचा पॉइंट जिंकलेल्याला पुढचा जिंकायला थोडी मदत होते आणि महत्त्वाच्या पॉइंटला सर्व्हिस करणारा किंचित कमी पडतो. पण हे फरक लहान आहेत, म्हणून अंदाजासाठी हा हिशोब चालतो. जिथे खेळाडू जखमी झाला किंवा वारा सुटला, तिथे मुळात ०.६ हा आकडाच बदललेला असतो. हे ओळखायचं कसं? सेटागणिक सर्व्हिसवर जिंकलेल्या पॉइंटची टक्केवारी लिहून बघा. ती एकदम घसरली आणि घसरलेलीच राहिली, तर जुन्या आकड्यावर पुढचा अंदाज बांधू नका.

घरी करून बघण्यासाठी एक गणित देते. सर्व्हिसवर ५५ टक्के पॉइंट जिंकणारा किती टक्के गेम जिंकेल? आधी मुलाला अंदाज लिहायला सांगा, मग ड्यूसच्या जोड्यांपासून सुरुवात करू द्या. उत्तर ६२ च्या थोडं वर यायला हवं.