मीटरचा फोटो हरवला, रीडिंग कसं काढायचं?

आमच्या सातवीच्या वर्गात यंदा प्रमाणाचा पाठ घेताना पुस्तकातली गणितं बाजूला ठेवली, कारण एक खरं गणित दारात येऊन उभं राहिलं. वर्गातल्या एका मुलाचं कुटुंब १० जूनला नव्या भाड्याच्या घरात राहायला आलं. त्या दिवशी त्याच्या आईनं वीजमीटरचा फोटो काढला होता. पुढे तो मोबाईल पाण्यात पडला आणि फोटो गेला. मग जूनचं बिल आलं: १२६ युनिट. घरमालकांचं म्हणणं, सगळं तुम्हीच भरा. तिचं म्हणणं, आधीचे भाडेकरू ५ जूनपर्यंत इथेच होते की!

बिल हाती असलं की निम्मं काम होतं. त्यावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग, दोन्ही असतात. २८ मे रोजी ६१४२ आणि २८ जूनला ६२६८. वजाबाकी १२६. आता मुलांना पहिला प्रश्न विचारला: १० जूनचा आकडा किती असू शकेल? एकानं लगेच सांगितलं, "बाई, ६१४२ पेक्षा कमी नाही आणि ६२६८ पेक्षा जास्त नाही." मीटर मागे फिरत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं. म्हणजे १२६ ही बेरीज पक्की आहे, शंका फक्त वाटणीची.

बहुतेक मुलांनी दिवसांनी भाग दिला. एकूण ३१ दिवस, त्यातले १० ते २८ जूनचे १८ दिवस या कुटुंबाचे. १२६ ला ३१ ने भागून १८ ने गुणलं की साधारण ७३ युनिट. उत्तर सोपं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: आधीचं कुटुंब आणि हे कुटुंब रोज सारखीच वीज वापरतात आणि मधले पाच दिवस घर रिकामं असतानाही तेवढीच वीज जळते. घर रिकामं होतं तेव्हा मेन स्विच बंद होता, असं घरमालकांनीच सांगितलं होतं.

म्हणून आम्ही उलट्या बाजूनं गेलो. या कुटुंबाचा रोजचा वापर आजही मोजता येतो. १ जुलैला सकाळी सातला मुलानं आकडा लिहून आणला, ६२८३. ८ जुलैला त्याच वेळी ६३१८. सात दिवसांत ३५, म्हणजे रोज ५ युनिट. वेळ तीच हवी हं, नाहीतर संध्याकाळचे दिवे-टीव्ही एका बाजूला जास्त मोजले जातात. पहिल्या दिवशी त्यानं वहीत २३४ असा आकडा आणला होता. तो व्होल्टेज निघाला! इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा बदलत राहतो. ज्या आकड्याशेजारी kWh दिसतं तोच लिहायचा. आणि दशांश चिन्हानंतरचा अंक वगळायचा, नाहीतर वापर दहापट दिसतो.

आता १८ दिवस गुणिले ५ म्हणजे ९० युनिट. ६२६८ मधून ९० गेले, १० जूनचं रीडिंग आलं ६१७८. आधीच्या भाडेकरूंच्या वाट्याला ३६. ते २८ मे ते ५ जून असे ८ दिवस होते, म्हणजे रोज साडेचार. पटण्यासारखं आहे. हा आकडा रोज अर्धा युनिट किंवा वीस युनिट असा आला असता, तर आमचं कुठेतरी चुकलंय हे कळलं असतं. शिवाय २८ जूनच्या ६२६८ मध्ये तीन दिवसांचे १५ मिळवले की १ जुलैचे ६२८३ येतात, म्हणजे बिलावरचं रीडिंगही जुळतं.

मुलं जरा हिरमुसली, कारण ७३ मित्राच्या फायद्याचे होते. पण मोजून आलेलं उत्तर ९० होतं. तेही अंदाजच, बरं का. जूनच्या सुरुवातीला उकाडा असतो, पंखे जास्त चालतात. रोजचा वापर साडेपाच धरला तर ९९ येतात. एवढी ओढाताण दोघांनी मान्य करायची.

रुपयांची वाटणी करताना मात्र थांबावं लागलं. आपल्याकडे पहिल्या १०० युनिटचा दर कमी, पुढचा जास्त. एकट्या या कुटुंबाचे ९० असते तर सगळे स्वस्त दरात बसले असते. दोघांचे मिळून १२६ झाले म्हणून २६ युनिट महागात गेले. मग ते २६ कुणाचे? मी मुलांना सांगितलं, कुणा एकाचे नाहीत. ९० आणि ३६ यांचं प्रमाण ५:२, म्हणून वीज आकाराच्या रकमेचे सात भाग करा. पाच यांचे, दोन त्यांचे.

स्थिर आकार युनिटवर नसतो, म्हणून तो दिवसांवर वाटला: १८ दिवस यांचे, ८ आधीच्या भाडेकरूंचे. उरलेल्या पाच दिवसांवर वर्गात बराच वाद झाला. माझ्या मते ते घरमालकांचेच, आणि हिशेबाच्या कागदावर मुलांनी तसंच लिहून दिलं.