आपलं बीड कुठंय?

आलेखाच्या वर निष्कर्ष लिहायला मी बरीच वर्षं नकार देत आले. आलेखाला नाव असावं, मत नसावं, असं माझं म्हणणं होतं. 'महाराष्ट्र : जिल्हानिहाय बाल लिंग गुणोत्तर, २००१ व २०११' एवढं लिहायचं आणि आपण बाजूला व्हायचं. आकडे समोर आहेत, ज्याचं त्यानं पाहावं. कुणी सहकारी म्हणाला, "वर एक ओळ टाकू या का?", तर मला ते जाहिरातीसारखं वाटायचं. त्या नकारात प्रामाणिकपणा होता, पण तेवढीच भीतीही होती, हे आज मान्य करते. विधान केलं की ते कुणीतरी खोडून काढू शकतं. नुसतं नाव दिलं की खोडण्यासारखं काही उरतच नाही. त्या सुरक्षिततेला मी तटस्थता म्हणत होते.

बीड जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षणात याला तडा गेला. समोर आशाताई आणि अंगणवाडीसेविका होत्या. प्रोजेक्टर काही केल्या चालेना, म्हणून मी स्लाइड व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली आणि म्हटलं, आपापल्या फोनवर बघा. स्लाइडवर तेव्हाचे ३५ जिल्हे होते. प्रत्येकाचे दोन खांब, २००१ चा निळा आणि २०११ चा तांबडा. खाली जिल्ह्यांची नावं तिरकी लिहिलेली, रंगांची सूची उजव्या कोपऱ्यात. लॅपटॉपवर हे सगळं मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

मी बोलत होते आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई दोन बोटांनी चित्र मोठं करत होत्या. नावं वाचण्यासाठी खाली गेलं की खांबांची टोकं पडद्याबाहेर जात. टोकं पाहायला वर यावं, तर आपण कोणत्या नावावर होतो ते हरवे. मग निळा म्हणजे कोणतं साल, हे पाहायला पुन्हा कोपऱ्यात. दोन-तीनदा असं करून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "ताई, यात आपलं बीड कुठंय?"

मी सांगायच्या आत शेजारच्या बाई म्हणाल्या, "सगळे खांब सारखेच तर दिसतायत. म्हणजे बरं चाललंय की."

त्या वाक्यापाशी मी थांबले. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे किती मुली, याचा बीडचा आकडा २००१ च्या जनगणनेत ८९४ होता, २०११ मध्ये ८०७. मी तिथे गेले होते ती हेच सांगायला. आणि माझी स्लाइड त्यांना बरोबर उलटं सांगत होती. चूक त्या बाईंची नव्हती, त्यांनी चित्र नीट वाचलं होतं. खांबाची उंची शून्यापासून मोजायची, हा नियम मी पाळला होता आणि तो बरोबरच आहे, कारण खांबात डोळा लांबी वाचतो. पण फोनवर तो खांब जेमतेम अडीच सेंटिमीटर उंच होता, त्यात ८९४ आणि ८०७ मधला फरक अडीच मिलिमीटरचा. असे सत्तर खांब शेजारीशेजारी उभे केल्यावर तो कुणाला दिसावा? ज्याला जे दिसेल ते पाहू दे, असं मी म्हणत आले होते. समोरच्याला काय दिसतं, हे मात्र मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मी पट्टी घेऊन फोन मोजला. उभा धरलेला माझा फोन सात सेंटिमीटर रुंद. पॉवरपॉइंटची नेहमीची आडवी स्लाइड जवळजवळ ३४ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे फोनवर ती पाचपट आकसते. जिल्ह्यांची नावं मी १२ पॉइंटमध्ये लिहिली होती, ती अडीच पॉइंटची झाली. त्यात आपली लिपी. अक्षरं इतकी बारीक झाली की आधी अनुस्वार आणि मात्रा पुसट होतात, जोडाक्षरांचा गोळा होतो, १ आणि ९ एकसारखे दिसू लागतात. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, तेव्हा उरलेलंही मिसळून जातं.

मग मी पान उभं केलं, १९ सेंटिमीटर रुंद. ते फोनवर पावणेतीनपटच आकसतं, म्हणून २४ पॉइंटचं अक्षर जवळपास नऊ पॉइंटचं उरतं आणि बोटं न लावता वाचता येतं. ३५ जिल्ह्यांपैकी बीड आणि कोल्हापूर हे दोनच ठेवले, सोबतीला राज्याची करडी रेघ. खांब काढून टाकले. डावीकडे २००१, उजवीकडे २०११ आणि मध्ये तिरक्या रेघा. रेघेत डोळा उतार वाचतो, त्यामुळे शून्यापासून सुरुवात करायची सक्ती नाही. पण मग उतार भडक दिसण्याचा धोका असतो, म्हणून दोन्ही टोकांना आकडे लिहिलेच पाहिजेत. रंगसूचीही गेली. 'बीड ८०७' हे त्या रेघेच्या टोकाशीच, त्याच रंगात. कोल्हापूर ८३९ वरून ८६३ वर चढलं होतं, त्यामुळे दोन्ही रेघा मध्ये एकमेकींना छेदत होत्या. राज्य ९१३ वरून ८९४ वर आलं होतं. हे सगळं माझ्याकडे आधीपासून होतं, पण ती फुली मला स्वतःलाही त्या रात्रीच पहिल्यांदा दिसली.

शीर्षकाला मात्र वेळ लागला. आधी लिहिलं, 'गर्भलिंगनिदानामुळे बीडमध्ये मुली घटल्या'. सहकाऱ्याला पाठवलं. त्याने विचारलं, "यातलं 'मुळे' आलेखात कुठे आहे?" नव्हतंच. ते कारण मला ठाऊक होतं, आलेखात नव्हतं. दुसरा प्रयत्न, 'बीडमध्ये मुलींचे जन्म घटले'. तेही चूक, कारण हा आकडा जन्मांचा नाही. मोजणीच्या वेळी जिवंत असलेल्या शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा आहे, त्यावर मधल्या काळातल्या मृत्यूंचाही परिणाम होतो. ज्या कामाला मी जाहिरात म्हणत होते, त्यानेच मला माझा आकडा इतक्या बारकाईने पाहायला लावला. शेवटी उरलं ते असं : 'बीड : दहा वर्षांत हजार मुलग्यांमागे मुली ८९४ वरून ८०७'. त्याखाली 'वय ० ते ६', आणि तळाला 'जनगणना २००१, २०११ (अंतिम आकडे)'. 'अंतिम' हा शब्द मुद्दाम, कारण २०११ चा बीडचा तात्पुरता आकडा ८०१ होता आणि तोही अजून फिरत असतो.

सकाळी नवी स्लाइड त्याच गटावर टाकली. विधान दिलं की लोक विचार करायचं थांबतात, ही माझी जुनी धास्ती मनात होतीच. पाच मिनिटांत आदल्या दिवशी बीड शोधणाऱ्या बाईंचा फोन आला.

"ताई, हे शून्य ते सहा म्हणजे कोणत्या सालात जन्मलेली लेकरं?"

मोजणी १ मार्च २०११ ची, म्हणजे मार्च २००४ ते फेब्रुवारी २०११ मधली, मी सांगितलं.

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी थोरली २००६ ची. म्हणजे या ८०७ मध्ये ती मोजलीय."